बिया काळ्या, पण साल हिरवी

«फोटोत पपई उभी कापलेली आहे. साल बहुतेक हिरवी, टोकाकडे थोडी पिवळी. बिया मात्र काळ्या. हिला पिकलेली म्हणायचे का?»

माझ्या मते ही पपई तयार आहे, पण पिकलेली नाही. बिया काळ्या होणे हे फळ झाडावर पुरेसे वाढल्याचे लक्षण आहे आणि साल पूर्ण हिरवी असतानाही त्या काळ्या झालेल्या असू शकतात; उलट बिया पांढऱ्या असत्या, तर फळ कोवळेच तोडले गेले असे मी म्हटले असते, आणि असे फळ ठेवूनही नीट गोड होत नाही.

खरा निर्णय गराच्या रंगावर करावा. पपईचा गर बियांच्या पोकळीकडून सालीकडे रंगत जातो, त्यामुळे पोकळीलगत केशरी आणि सालीखाली फिकट पट्टा दिसत असेल, तर तो पट्टा जितका रुंद तितके पिकणे बाकी आहे. तुमच्या फोटोत तो गराच्या जवळपास एक तृतीयांश आहे. सालीचा पिवळेपणा देठाच्या विरुद्ध टोकाकडून वर सरकतो, आणि येथे तो टोकापाशीच थांबलेला असल्याने दोन्ही खुणा जुळतात.

मात्र पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत फिकट गरही केशरी भासतो, म्हणून आधी शेजारची पांढरी बशी पांढरीच दिसते का, ते पाहावे. गराचा मऊपणा फोटोत कळत नाही. शिवाय कापलेली पपई अखंड फळासारखी पिकत नाही, तेव्हा ही भाजीलाच वापरलेली बरी.