खिळे बसवूनही रबरी तळवा घसरतो तेव्हा

«नदीत उतरायला फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या जाड कापडाच्या तळव्याचे बूट सोडून रबरी तळव्याचे घेतले, खिळेही बसवले, तरी शेवाळी दगडांवर पाय सटकतो. काय चुकतंय?»

खिळे कुठे बसवलेत ते आधी पाहा. फेल्टचे तंतू बुळबुळीत थरात शिरून दगड धरतात. रबर त्या थरावरूनच सरकतं, म्हणून थर फोडायला टंगस्टन कार्बाइडची टोकं लागतात. पण गोट्यांवर पाऊल सपाट पडतच नाही, भार कडेवर येतो. माझ्याही बुटांत खिळे मधोमध होते. काही फेऱ्यांनंतर तळवा उलटून पाहिला, तर कडेचं रबर घासलेलं आणि खिळ्यांची टोकं कोरी! म्हणजे ती दगडाला लागतच नव्हती. मग अंगठ्याखालची आतली कड, चवड्याची बाहेरची कड आणि टाचेच्या दोन्ही बाजू अशा जागी ते हलवले. फरक पहिल्याच फेरीत जाणवला.

एक मर्यादा मात्र आहे. गुळगुळीत, अखंड कातळावर खिळा रुतत नाही, उलट बर्फावरच्यासारखा सरकतो. तिथे मधलं मोकळं रबरच उपयोगी पडतं, म्हणून सगळा तळवा खिळ्यांनी भरू नका.

शेवाळावर नुसत्या रबरापेक्षा फेल्ट सरस, हे मी आजही मानतो. पण ते लवकर वाळत नाही आणि ओल्या तंतूंत डिडिमोसारखं शैवाल जिवंत राहून दुसऱ्या नदीत पोचतं. न्यूझीलंडने 2008 मध्ये फेल्टवर बंदी घातली ती याच भीतीने.

आणि पाऊल टाकण्यापूर्वी काठी टेकवा, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. बुटांइतकंच तेही महत्त्वाचं.