गुरू गोविंदसिंगांची जयंती: पौष शुद्ध सप्तमी की २३ पोह?

सरळमार्गी: २०२५ सालात गुरू गोविंदसिंगांची जयंती ६ जानेवारीला आणि पुन्हा २७ डिसेंबरला, अशी दोनदा आली, २०२६ मध्ये मात्र ती येणारच नाही म्हणतात. शिखांनी २००३ मध्ये ५ जानेवारी ही तारीख ठरवली होती, मग ती मोडून परत पंचांगाला का चिकटायचे? इतिहासात तर जन्म २२ डिसेंबरचा नोंदलेला आहे. तोच दिवस कायम केला असता, तर प्रश्नच मिटला असता.

कालमापक: आपल्या शेवटच्या दोन वाक्यांमुळे मला सविस्तर लिहावे लागत आहे. २२ डिसेंबर १६६६ ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आजच्या गणनेने तो दिवस १ जानेवारी १६६७ होतो. तेव्हा २२ डिसेंबर कायम करणे म्हणजे तिथीही सोडायची आणि खरा दिवसही गाठायचा नाही.

त्या दिवशी पौष शुद्ध सप्तमी होती आणि पंजाबी सौर महिन्याप्रमाणे २३ पोह, म्हणजे सौर पौषाचा तेविसावा दिवस होता. पंजाबात या दोन्ही गणना शेजारी शेजारी चालत आलेल्या आहेत, आणि वादाचे मूळ तिथेच आहे. बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपत असल्यामुळे सप्तमी दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पुढची सप्तमी थेट २०२७ च्या जानेवारीत पडते. यात कोणाचा गोंधळ नाही, चांद्र गणना अशीच चालते.

कॅनडास्थित पालसिंग पुरेवाल यांनी तिथी बाजूला ठेवून २३ पोह हा सौर दिवस धरला. त्यांच्या नानकशाही दिनदर्शिकेत पोह १४ डिसेंबरला सुरू होतो, म्हणून २३ पोह नेहमी ५ जानेवारीला येतो.

तिथीप्रेमी: माहितीबद्दल आभार, परंतु यातून तुमचीच बाजू लंगडी पडते. खरा दिवस आजच्या गणनेने १ जानेवारी, तर पुरेवालांचा ५ जानेवारी. मग अचूकतेचा डांगोरा कशासाठी? सप्तमीचा चंद्र निदान डोळ्यांना दिसतो. गुरू ग्रंथसाहिबात तिथींवरही रचना आहेत, हे सुधारकांना आठवत नाही का? ज्या दिनदर्शिकेने गुरू नानकांची जयंती कार्तिक पौर्णिमेलाच राहू दिली, दिवाळीचा बंदी छोड दिवस आणि होला मोहल्लाही हलवला नाही, तिने बाकीच्यांना तिथी सोडण्याचा उपदेश करू नये.

कालमापक: नानक जयंतीचा आक्षेप मला मान्य करावाच लागतो. गुरू नानकांची जुनी चरित्रे, म्हणजे जन्मसाख्या, वैशाखाकडे बोट दाखवतात, तरी पौर्णिमा तशीच राहिली. ती लोकभावनेशी केलेली तडजोड होती, गणित नव्हे.

चार दिवसांचा फरक मात्र चूक नाही. जुन्या सूर्यसिद्धांती गणिताचे वर्ष ऋतुचक्राच्या वर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे, त्यामुळे साठ वर्षांत एक दिवस साचतो. १६६६ मध्ये पोह आजच्या गणनेने १० डिसेंबरला लागला होता. आता तो पारंपरिक गणनेने १५-१६ डिसेंबरला लागतो. १६९९ ची वैशाखी अशीच ८ एप्रिलची होती, ती आता १३-१४ एप्रिलला येते. पुरेवालांनी हा सरकता पट्टा थांबवला: पहिले पाच महिने ३१ दिवसांचे, उरलेले ३० चे, लीप वर्षी फाल्गुनाला एक दिवस जास्त आणि वर्षारंभ १४ मार्चला. झालेली घसरण त्यांनी मागे ओढली नाही, पुढची रोखली. गुरू ग्रंथसाहिबातील बारामाह या रचनांत महिन्यांचे जे ऋतू वर्णिले आहेत, त्यांच्यापासून महिने आणखी दूर जाऊ नयेत, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता.

रायगडवारी: आमच्याकडे याहून मोठा घोळ आहे, त्यावर कोणी बोलेल का? शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखसुद्धा ज्युलियनच आहे. आजच्या गणनेने तो १ मार्च होतो. म्हणजे शासनमान्य तारखेला ना फाल्गुन वद्य तृतीया जुळते, ना खरा दिवस. ६ जूनच्या राज्याभिषेकाचेही तेच; तो १६ जून हवा.

सरळमार्गी: अहो, धागा शिखांच्या दिनदर्शिकेचा आहे!

रायगडवारी: मुद्दा एकच आहे, आपल्याला दिसत नसेल तर माझा इलाज नाही. आमच्या गावात एकाच चौकात वर्षातून दोनदा मिरवणूक निघते आणि दोन्ही वेळा वर्गणी माझ्याकडूनच जाते.

तिथीप्रेमी: वर्गणी दिलीत म्हणून तारीख चुकीची ठरत नाही. तरीही हिशेब तुमचा बरोबर आहे, आणि म्हणूनच मी तिथी पाळतो.

गोदाकाठ: मी नांदेडचा आहे. तख्त सचखंड हजूर साहिब परंपरेप्रमाणे तिथीच मानते. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान इथे १७०८ च्या कार्तिकात झाले आणि त्या स्मृतीची सांगड इथल्या दिवाळीनंतरच्या दिवसांशी इतकी घट्ट बसलेली आहे, की नानकशाहीतील २१ ऑक्टोबर ही तारीख शहरात सहसा कोणाच्या ओठांवर नसते. माझी अडचण वेगळी आहे. ज्या कार्यालयात मी नोकरी केली, तिथे सुट्टीच्या यादीत एक दिवस आणि गुरुद्वारात दुसरा दिवस असे झाले, आणि सेवेसाठी मला बिनपगारी रजा घ्यावी लागली. ५ जानेवारी पक्की केली तर अशा रजेचा प्रश्न सुटेल ना?

कालमापक: हजूर साहिब ती तारीख पाळणार नसेल तर सुटणार नाही, उलट तुमची रजा दर वर्षीच जाईल. पुरेवालांच्या बाजूचा असूनही मी हे सांगतो.

ब्रॅम्प्टनकर: इथे कॅनडात एकाच शहरातील दोन गुरुद्वारे हाच प्रकाशपर्व वेगवेगळ्या दिवशी साजरा करतात. आमच्या शेजारच्या सरदारजींना मी विचारले, तर ते म्हणाले, "दोन्हीकडे लंगर आहे." वाद असा जेवणावर मिटणार असेल तर मिटो, पण २०१० मध्ये नेमके काय बदलले, ते कोणी सांगेल का?

कालमापक: २०१० मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या दिनदर्शिकेत महिन्यांचे आरंभ पुन्हा विक्रमी संक्रांतींना जोडले गेले आणि या जन्मदिवसासह काही दिवस तिथीवर परत नेले गेले. साहिबजाद्यांचे, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या चार मुलांचे, हौतात्म्य मात्र सौर पोहावरच राहिले. दोन्ही प्रसंग एकाच पद्धतीने मोजले, तर धाकट्या साहिबजाद्यांचा १३ पोह आणि पित्याचा २३ पोह यांत कायम दहा दिवसांचे अंतर राहते. एक सौर आणि एक चांद्र ठेवले की सप्तमी लवकर आलेल्या वर्षी जन्मोत्सव थेट शोकाच्या दिवसांवर जाऊन बसतो. २७ डिसेंबर २०२५ ला तेच झाले. धाकट्या साहिबजाद्यांच्या स्मृतीची फतेहगढ साहिबची शहीदी सभा त्याच दिवसांत होती. २०१४ मध्येही सप्तमी २८ डिसेंबरला आली होती. त्या वादात ५ जानेवारीचा आग्रह धरणारे तख्त दमदमा साहिबचे जथेदार बलवंतसिंग नंदगढ यांना जानेवारी २०१५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.

तिथीप्रेमी: हा एवढा मुद्दा मला खरोखर खटकतो, हे कबूल करतो. पण त्यावरचा उपाय तुमच्या सोयीचाच का असावा? हौतात्म्याचे दिवसही तिथीने मोजा, टक्कर संपली.

कालमापक: गणिताने संपते, नाकारत नाही. परंतु फतेहगढ साहिबला दर डिसेंबरात लोटणारी गर्दी तिथीमागे जानेवारीपर्यंत सरकायला तयार होईल, असे आपल्याला वाटते?

तिथीप्रेमी: आणि नांदेडची गर्दी तुमच्या २१ ऑक्टोबरला येईल, असे आपल्याला वाटते?

रायगडवारी: शिवजयंतीच्या १ मार्चबद्दल अजून कोणी उत्तर दिलेले नाही.