मदत हवी आहे: बापाची रजा कागदावर आहे, पण सुपरवायझर अडवतोय (वेर्णा)

साखळीकर
नमस्कार मंडळी. मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत शिफ्टमध्ये आहे. बायकोचं पहिलंच बाळंतपण, तारीख चवथीनंतर पंधरवड्याने. कंपनीच्या रजा धोरणात वडिलांना ५ दिवस पगारी रजा आहे, बाळ जन्मल्यापासून महिन्याभरात घ्यायची. विषय काढला तर सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणतो, "तू काय दूध पाजणार? सासू येतलीच रे!" वर, "चवथीक रजा घेतोस, आनी परत हीय? अप्रेझलाक पळोवया." चवथीची रजा मात्र इथे कुणी कारण विचारून देत नाही.

आई गुडघ्यांनी बेजार आहे. सासूबाई बाराव्यापर्यंतच राहू शकतात. रजा कशी मागू? आणि सलग घेऊ की तोडून?

पणजी_कारकून
१५ दिवस मिळतात, नियम आहे. नाकारूच शकत नाहीत. लेखी तक्रार ठोक.

नीता_एचआर
कारकूनदादा, तुम्ही म्हणता तो केंद्राच्या रजा नियमांतला ४३-अ. तो सरकारी नोकरांसाठी. त्यातही हयात मुलं दोनपेक्षा कमी हवीत, आणि प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून नंतर ६ महिन्यांपर्यंतच घेता येते, नाहीतर बुडते. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही. २०१७ साली खासदार राजीव सातवांनी तसं विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही.

त्यामुळे साखळीकर, तुमचा आधार म्हणजे तुमच्या कंपनीचं धोरण. ते आधी नीट वाचा. "मिळेल" लिहिलंय की "विभागप्रमुखाच्या मंजुरीने मिळू शकेल"? दुसरं असेल तर सुपरवायझरच्या हातात दोरी आहे आणि भांडून ती सुटणार नाही. तोडून घेता येते का, तेही बघा. काहीच लिहिलं नसेल तर एचआरला मेल करून विचारा, तोंडी नको.

अर्ज आत्ताच द्या. डॉक्टरांच्या कागदावरची अपेक्षित तारीख जोडा आणि "प्रत्यक्ष तारखेनुसार बदल होईल" असं लिहा. आणि एक कडू गोष्ट: शिफ्टच्या प्लांटमध्ये "तू काय दूध पाजणार" यामागे पुष्कळदा रिलीव्हर नसल्याचं दुखणं असतं. तुम्ही नसलात की कुणीतरी डबल ड्यूटी मारतो आणि शिव्या सुपरवायझर खातो. कोण कुठली शिफ्ट घेईल ते त्या माणसाशी बोलून अर्जातच लिहा. मग नाही म्हणायला कारण उरत नाही, उरतो तो फक्त टोमणा.

शुभदा
बायको नोकरी करते का? तिला २६ आठवडे मिळतात, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. तेवढी असताना नवऱ्याच्या रजेचं काय अडलंय?

साखळीकर
शुभदाताई, ती शाळेत आहे, तिची रजा मंजूर झाली. प्रश्न माझ्या रजेचा आहे.

फोंड्याचा_बाबा
ताई, सिझेरियन झालेल्या बाईला रजा असली तरी उठून बसायला हात लागतो. आमच्याकडे तेच झालं. मी रजा हॉस्पिटलातच संपवली. तिथे नर्स होत्या, माझी आई होती, मी नुसता औषधं आणायला पळत होतो. खरी गरज घरी, सगळे पांगल्यावर.

मग कामावर जात असूनही रात्री अकरा ते तीन माझी पाळी ठरवली. बाळ उठलं की लंगोट बदलायचा, हिच्या कुशीत द्यायचं, पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. हिला फक्त कूस बदलावी लागायची. ओले लंगोट किती ते फ्रिजवरच्या कागदावर मांडत होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी ओले हवेत, म्हणजे दूध पुरतंय. एकदा चारच भरले, म्हणून लगेच दाखवायला नेलं. बाळ नीट चिकटत नव्हतं, तिथल्या सिस्टरने बसवून शिकवलं.

तोडून मिळत असेल तर दोन दिवस प्रसूतीला, तीन बाराव्यानंतर.

नीता_एचआर
एकदम बरोबर. फक्त महिन्याची मुदत मोजून ठेवा.

पणजी_कारकून
पण सरकारीत नाकारत नाहीत, हे खरंच ना? आमच्या ऑफिसात एकाला साहेबाने "मार्च संपू दे" म्हणून लटकवलं आणि सहा महिने उलटले.

नीता_एचआर
नियमातच लिहिलंय की साधारणपणे नाकारू नये. पण "साधारणपणे" आहे. त्याने लेखी अर्ज दिला होता का?

पणजी_कारकून
नाही. तोंडीच.

साखळीकर
मेल केला. एचआर म्हणतं तोडून चालेल, पण दोनच तुकड्यांत. नाईटवाल्या मित्राने माझे तीन दिवस घ्यायचं कबूल केलंय, बदल्यात त्याच्या बहिणीच्या लग्नात मी त्याच्या पाळ्या करायच्या. सुपरवायझरने सही केली, तोंड वाकडं करूनच. अप्रेझलचं तो बोलला ते कुठेच लेखी नाही. ते एचआरला आत्ता कळवून ठेवू की रेटिंग येईपर्यंत गप्प बसू? कुणाला अनुभव असेल तर सांगा.