मदत हवी आहे: लेख लिहिणाऱ्या अनोळखी इंजिनिअरला जागेबद्दल कसं विचारू?

निशिगंध_क
मला ज्या कंपनीत जायचंय तिथल्या एका इंजिनिअरने रिट्रायवर छान लेख लिहिलाय. ओळख शून्य. हा मसुदा पाठवू का?

"नमस्कार, तुमचा लेख खूप आवडला, बरंच शिकायला मिळालं. तुमच्याकडे काही ओपनिंग असेल तर कळवा. रिझ्युमे जोडला आहे."

कौतुक लोचट वाटतंय का?

जुनं_खोड
लोचट नाही, पोकळ. हे कुठल्याही लेखाखाली खपेल. तुझ्या कामाशी भिडलेला एकच मुद्दा सांग. कोणता होता?

निशिगंध_क
रिट्राय एकाच थरात ठेवा, हा. आमच्याकडे गेटवे, सर्व्हिस आणि डेटाबेसची लायब्ररी, तिघंही तीन-तीनदा प्रयत्न करायचे.

जुनं_खोड
म्हणजे डेटाबेस आधीच धापा टाकत असताना एका क्लिकमागे २७ क्वेरी! अरे, हेच लिही की:

"नमस्कार. रिट्राय एकाच थरात ठेवा, हा तुमचा मुद्दा पटला. आमचे तीन थर तीन-तीनदा प्रयत्न करायचे. डेटाबेस अडला की एका क्लिकच्या २७ क्वेरी व्हायच्या. आता फक्त गेटवे रिट्राय करतो. तुमच्या करिअर पानावर बॅकएंडची जागा दिसली. ती तुमच्याच टीममधली आहे का? मी अजून अर्ज केलेला नाही."

"काही ओपनिंग आहे का" म्हटलं की शोधाशोध त्याच्या गळ्यात पडते. "तुमच्याच टीममधली का" याला हो-नाही पुरतं. शेवटचं वाक्य काढू नकोस. बऱ्याच कंपन्यांत आधी थेट अर्ज केला की मागाहून रेफरल लागत नाही.

सावकाश_चालू
पहिल्याच मेसेजात नोकरी? आधी फक्त कौतुक करा, उत्तर आलं की मग हळूच विचारा.

जुनं_खोड
मग त्याला वाटणार, गप्पा निमित्तापुरत्याच होत्या. मला तरी असे मेसेज येतात तेव्हा तसंच वाटतं.

सावकाश_चालू
तुम्हाला वाटत असेल. मला अशा गप्पांतूनच रेफरल मिळालंय.

मेघना_टेस्टर
मी तर लेखाखालच्या कॉमेंटमध्येच रिझ्युमेची लिंक टाकते. चालतं ना?

पाणवठा
मेघना, तिथे तुमचा सध्याचा मॅनेजरही येऊन वाचू शकतो. खाजगी मेसेजच बरा. निशिगंध, २७ चा हिशोब द्या, पण कोणत्या ग्राहकाचं काय बंद पडलं ते नको. आत्ताच्या कंपनीतलं बाहेर सांगणारा माणूस कोणाला हवा असतो? आणि गेटवेचा निर्णय तुमचा नसेल तर "आम्ही"च ठेवा; मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येईल.

निशिगंध_क
निर्णय टीमचा होता, बदल मी केला. तसंच लिहितो. रिझ्युमे लगेच जोडू की मागितल्यावर?

जुनं_खोड
मागितल्यावर. प्रोफाइल आहेच की.

सावकाश_चालू
विचारायचंच ठरवलंय तर जोडून टाका. परत मागायला कोण येतंय?