सदिशांची बेरीज आणि अदिश गुणाकार: चिन्हे व कोन

> «A = −4i + 3j, B = i + j. बेरजेचा कोन −53.1° आणि दोघांमधला कोन 8.1° येतो, पण उत्तरे 126.9° आणि 98.1° दिली आहेत. माझे कुठे चुकते?»

छापील उत्तरे बरोबर आहेत, आणि तुमच्या दोन चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

बेरीज R = −3i + 4j ही तुम्ही बरोबर केली असणार, कारण tan⁻¹(4/−3) = −53.1° हेच येते. परंतु कॅल्क्युलेटरला फक्त भागाकार दिसतो, त्यामुळे (−3, 4) आणि (3, −4) त्याच्या लेखी एकच ठरतात, आणि तो नेहमी −90° ते 90° यांमधलाच कोन देतो. येथे x-घटक ऋण आणि y-घटक धन, म्हणजे सदिश दुसऱ्या चरणात आहे. म्हणून 180° मिळवून 126.9° घ्यावा. (x-घटक ऋण असला की 180° मिळवायचे, एवढे पुरते.)

दुसऱ्या उत्तरात मात्र चिन्हच गळाले आहे. 8.1° येण्यासाठी अदिश गुणाकार 7 धरावा लागतो, म्हणजे −4 ऐवजी 4 घेतले गेले. प्रत्यक्षात A·B = (−4)(1) + (3)(1) = −1, म्हणून cos θ = −1/(5√2) = −0.141 आणि θ = 98.1°. अदिश गुणाकार ऋण असेल तर कोन 90° पेक्षा मोठाच हवा.

पडताळा घ्यायचा तर R² = A² + B² + 2A·B वापरा: 25 + 2 − 2 = 25, आणि घटकांवरूनही 9 + 16 = 25. तुमचे 7 घातले असते तर 41 आले असते.