अधिवेशनाच्या रजेच्या अर्जाला संपूर्ण कार्यक्रमपत्रिका जोडावी का?

देवगड तालुक्यातील शिक्षिका: आमच्या शिक्षक संघटनेचे राज्य अधिवेशन नाशिकला शुक्रवार-शनिवारी आहे. निमंत्रणपत्र माझ्या नावाने आले आहे. शाळा द्विशिक्षकी आहे. मी गुरुवार ते सोमवार रजा मागितली, तेव्हा मुख्याध्यापकांनी ‘कार्यक्रमपत्रिका जोडा’ असे सांगितले. पत्रिकेत जुन्या पेन्शनसाठी आंदोलनाचा ठराव आहे. ती पूर्ण जोडावी की नुसते निमंत्रण पुरे?

संघटनेचे जिल्हा पदाधिकारी, ओरोस: नुसते निमंत्रण जोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. संघटना स्थापन करण्याचा हक्क आपल्याला घटनेच्या कलम १९ ने दिला आहे आणि अधिवेशनात कोणता विषय चर्चेला येणार याचा हिशेब गटशिक्षणाधिकाऱ्यांना देण्याचे कारण नाही. आंदोलनाचा ठराव वाचल्यावर रजा अडवायला आयते निमित्त मिळते.

निवृत्त कक्ष अधिकारी, रत्नागिरी: हक्काविषयी आपण म्हणता ते अर्धेच खरे आहे. संघटना काढण्याचा हक्क घटनेने दिला असला, तरी रजा हा हक्क नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्येच म्हटले आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि कामाच्या निकडीमुळे ती नाकारता येते. शिवाय अधिवेशनासाठी मिळणारी विशेष नैमित्तिक रजा निमंत्रणामुळे नव्हे, तर शासनाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आदेशामुळे मिळते. म्हणून बाईंनी आधी त्या आदेशात आपल्या संघटनेचे नाव आहे का आणि किती दिवस दिले आहेत, ते पाहावे. आदेश नसेल, तर ती रजा आपल्या वर्षाच्या किरकोळ रजांतूनच घ्यावी लागेल.

कार्यक्रमपत्रिका मात्र जोडावीच, आणि ती अर्जदाराच्याच फायद्याची आहे. बहुतेक अशा पत्रिकांत पहिल्या दिवशी सकाळी नोंदणी आणि कार्यकारिणीची बैठक असते, तर खुले अधिवेशन दुपारी सुरू होते. बाई कार्यकारिणीवर नसतील, तर गुरुवारी शाळा सुटल्यावर कणकवलीहून रात्रीची गाडी धरून त्या शुक्रवारी दुपारपर्यंत नाशिकला पोहोचू शकतात आणि शनिवारी समारोप झाल्यावर निघून रविवारी परत येऊ शकतात. गुरुवार आणि सोमवार अर्जातून गळले की मागणी दोन दिवसांवर येते. टेबलावर बसून असे अर्ज वर्षानुवर्षे पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, ‘अधिवेशनास जायचे आहे’ एवढ्यावर पाच दिवस मागणारा अर्ज पहिल्यांदा बाजूला पडतो.

मजकूर साधारण असा ठेवावा: ‘सोबतच्या निमंत्रणपत्रानुसार व कार्यक्रमपत्रिकेतील खुले अधिवेशन आणि बदली धोरणावरील सत्र यांस प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहण्यासाठी दोन दिवसांची विशेष नैमित्तिक रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. या काळात वर्ग सहशिक्षक सांभाळतील. त्यांची संमती सोबत जोडली आहे. परतल्यावर उपस्थितीचे प्रमाणपत्र सादर करीन.’ मुख्यालय सोडण्याची परवानगी लोक हमखास विसरतात. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत मात्र हाताशी ठेवावी.

लोटे येथील कारखान्यातील कामगार: आमच्याकडे असा काही आदेश वगैरे नसतो. युनियनच्या परिषदेला गेलो, तेव्हा माझी हक्काची रजा कापली गेली आणि पाळीवर बदली माणूस मीच शोधून दिला. तुम्हा सरकारी लोकांना प्रमाणपत्र दाखवले की झाले.

निवृत्त कक्ष अधिकारी, रत्नागिरी: आपल्या कारखान्यात युनियनशी झालेला करार आणि स्थायी आदेश लागू असतात, त्यात परिषदेच्या रजेचे कलम आहे का, ते युनियनच्या सचिवांकडे विचारावे. बाईंचा प्रश्न वेगळ्या नियमांखालचा आहे.

मालवणमधील पालक: रजा कोणत्या खात्यातून जाते, याच्याशी आम्हाला देणेघेणे नाही. दोन शिक्षकांच्या शाळेतून एक गेला की पहिली ते चौथी एकाच वर्गात बसतात, आणि त्यात दुसऱ्याला पंचायत समितीत बैठकीला बोलावले की दुपारीच कुलूप लागते. अधिवेशने मे महिन्याच्या सुट्टीत का घेत नाहीत?

संघटनेचे जिल्हा पदाधिकारी, ओरोस: सुट्टीत घ्यावे, ही सूचना आम्हीही वर पाठवली आहे, तारखा राज्य पातळीवर ठरतात. पण पत्रिकेबाबत माझे मत तेच आहे. जोडायचीच असेल, तर ज्या सत्रांचा उल्लेख अर्जात आहे, तेवढीच पाने जोडावीत.

निवृत्त कक्ष अधिकारी, रत्नागिरी: अर्धी पत्रिका जोडण्याला माझा विरोध आहे. उरलेली पाने मागवली गेली, तर लपवल्याचा संशय येतो, आणि समाजमाध्यमावर तीच पत्रिका पूर्ण फिरत असते. ठरावावर चर्चा होणे वेगळे आणि संपात उतरणे वेगळे. आचरण नियमांचा प्रश्न संपात उतरल्यावर येतो, ठरावावरील चर्चेने नाही. तरी एखादा अधिकारी हा फरक मानणार नाही, हेही मी नाकारत नाही.

देवगड तालुक्यातील शिक्षिका: मी कार्यकारिणीवर नाही, त्यामुळे अर्ज दोन दिवसांचा करते आणि पत्रिका पूर्णच जोडते. जिल्हा परिषदेचा आदेश अजून केंद्रप्रमुखांकडे आलेला नाही. तोवर किरकोळ रजेचा पर्यायही त्याच अर्जात लिहावा का, हे अद्याप ठरत नाही.

संघटनेचे जिल्हा पदाधिकारी, ओरोस: पर्याय लिहू नका, ताई. तो लिहिला की विशेष रजेकडे कोणी पाहणारच नाही.

निवृत्त कक्ष अधिकारी, रत्नागिरी: लिहावा, पण ‘आदेश प्राप्त न झाल्यास’ या शब्दांनी सुरुवात करून.