मदत हवी आहे: घटस्फोटानंतर गृहकर्जातून नवऱ्याचं नाव कसं काढायचं?

वाकडचा फ्लॅट आणि कर्ज दोन्ही आमच्या दोघांच्या नावावर आहे. शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात परस्पर संमतीचा अर्ज चालू आहे. फ्लॅट मी ठेवायचा, उरलेलं 34 लाखांचं कर्जही मीच फेडायचं, असं ठरलंय. पण हा करार आमच्या दोघांतला, बँकेवर तो बंधनकारक नाही. हप्ता चुकला तर त्याचाही सिबिल खराब होणार, म्हणून त्यालाही घाई आहे.

बँक म्हणते, आधी त्याचा हिस्सा तुमच्या नावावर करून आणा, मग एकटीच्या पगारावर पात्रता बघू. वकील म्हणतात, फ्लॅट गहाण आहे, बँकेच्या एनओसीशिवाय दस्त करू नका. हप्ता 32,500, माझ्या हातात 72,000 येतात. वडिलांना सहअर्जदार घ्यावं तर ते निवृत्त आहेत.

दुसरं म्हणजे, नवरा-बायकोतल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क 200 रुपये (अधिभार वेगळा). हुकूमनामा झाला की नातंच संपतं, मग ही सवलत मिळेल का? की दस्त आधीच उरकावा?

कुणी यातून गेलंय का? बँकेकडून आधी लेखी सशर्त मंजुरी मिळते का? की सरळ माझ्या एकटीच्या नावावर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवणं सोपं?